धागा : दाराच्या किंवा कागदाच्या आधाराने फोटोवरून खोलीचे क्षेत्रफळ किती खात्रीने काढता येते?

नीलमोहोर (धागाकर्ती)

नमस्कार. येत्या महिन्यात आम्ही लातूरहून पुण्याला भाड्याच्या घरात जाणार आहोत. घर अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही, कारण आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मला सध्या तिला सोडून निघता येत नाही. दलालाने व्हॉट्सॲपवर दिवाणखान्याचे दोन फोटो पाठवले आहेत आणि खोली "१८० चौरस फुटांची" असल्याचे सांगितले आहे. लांबी-रुंदी विचारली, तर "ताई, मोठी आहे हो, काळजी करू नका" एवढेच उत्तर आले.

माझी काळजी आजीच्या शिसवी पलंगाची आहे. तो साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे, त्याचे भाग सुटे होत नाहीत, आणि तो दिवाणखान्यातच ठेवावा लागणार आहे. म्हणून फोटोवरूनच अंदाज काढायला बसले. पहिल्या फोटोत समोरची भिंत अगदी सरळ दिसते आणि त्या भिंतीत आतल्या खोलीचे दार आहे. फोटो १६०० बाय १२०० पिक्सेलचा आहे. दाराची उंची ४२० पिक्सेल भरली आणि भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ६६० पिक्सेल भरली. दार सात फुटांचे धरले, तर भिंत ११ फुटांची येते. इथवर मला पटले. पण खोलीची लांबी, म्हणजे फोटो काढणाऱ्याकडून त्या भिंतीपर्यंतची बाजू, दारावरून कशी काढायची ते समजत नाही. फोटोतल्या जमिनीची उंची पिक्सेलमध्ये मोजून त्याच प्रमाणात फूट काढले, तर खोली जेमतेम साडेपाच फूट लांब येते, आणि ते उघडच चुकीचे आहे.

गुणिले_दोन

याला सोपा मार्ग आहे. दलालाला जमिनीवर ए-फोर कागद ठेवून फोटो काढायला सांगा. कागदाचे माप ठरलेले असते, २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.०६२ चौरस मीटर. फोटोत कागदाने किती पिक्सेल व्यापले ते मोजा, संपूर्ण जमिनीने किती व्यापले ते मोजा आणि भागाकार करा. जितके कागद मावतात तितके गुणिले ०.०६२, की क्षेत्रफळ मिळाले. लांबी-रुंदी वेगवेगळी काढत बसण्याची गरजच नाही. मी टेबलावरच्या वस्तूंची मापे अशीच काढतो आणि ती बरोबर येतात.

सुतारपक्षी

माझा फर्निचरचा व्यवसाय आहे, म्हणून दाराबद्दल दोन शब्द. सात फूट म्हणजे भिंतीत चौकटीसाठी सोडलेली मोकळी जागा. त्यात वरची चौकट बसते आणि खालून फरशी चढते, त्यामुळे पल्ला मोजला तर बहुतेक ठिकाणी तो पावणेसात फुटांच्या आसपासच भरतो. ताईंनी नेमके काय मोजले? चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत मोजले असेल तर सात फूट धरायला हरकत नाही. पल्लाच मोजला असेल, तर सात धरल्याने प्रत्येक लांबी साडेतीन टक्क्यांनी फुगेल. दोन्ही बाजू त्याच मापावरून काढल्या, तर क्षेत्रफळ सात टक्क्यांनी फुगते. १८० फुटांच्या खोलीत हे बारा-तेरा फूट झाले. रुंदीवरून माप घेणार असाल तर आणखी जपून घ्या, कारण खोलीचे दार तीन फुटी असले तरी न्हाणीघराचे अडीच फुटी असते, आणि फोटोत दोन्ही दारे सारखीच दिसतात.

लांबीसाठी आमच्या धंद्यात एक अंदाज चालतो. पंखा खोलीच्या मधोमध असतो. समोरच्या भिंतीपासून पंख्यापर्यंतचे अंतर काढा आणि दुप्पट करा.

खिडकीपाशी

१८० फूट कार्पेट की बिल्टअप, ते आधी विचारून घ्या. आमच्या इमारतीत विकासकाने बाल्कनी धरून माप सांगितले होते आणि दोन वर्षे आमचा त्यावरून वाद चालला. रेरा कायद्यानुसार कार्पेटमध्ये आतल्या आडभिंतींची जागा धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. फोटोवर काढलेले असे माप तक्रारीला जोडता येते का, हे कोणाला ठाऊक असेल तर सांगावे. माझ्याकडे ताबा घेतल्या दिवशीचे फोटो आहेत.

नीलमोहोर

खिडकीपाशी, माझा प्रश्न एकाच खोलीचा आहे आणि तोही पलंगापुरता, त्यामुळे कार्पेट-बिल्टअपचा मुद्दा इथे लागू होत नाही. सुतारपक्षी, मी चौकटीच्या वरच्या बाहेरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजले होते. गुणिले_दोन, तुमची पद्धत मला आवडली, पण एक शंका आहे. दूरचा कागद जवळच्या कागदापेक्षा लहान दिसतो, मग कागद नेमका कुठे ठेवायचा?

दीपगृह

धागाकर्तीची शंका अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे. गुणिले_दोन टेबलावर जे करतात ते तिथे बरोबर ठरते, कारण फोन टेबलाच्या थेट वर धरलेला असतो आणि सगळ्या वस्तू फोनपासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. खोलीत उभे राहून काढलेल्या फोटोत जमीन तिरपी दिसते. तिच्यावरचा कागद दुप्पट दूर नेला की त्याची रुंदी निम्मी दिसते, हे सर्वांना सुचते. पण त्याची आपल्यापासून दूर जाणारी बाजू निम्मी न होता चौथाई होते, कारण अंतर वाढल्याने ती लहान होतेच, शिवाय नजर अधिक तिरकी पडल्याने चेपलीही जाते. निम्मे गुणिले चौथाई, म्हणजे कागद एक-अष्टमांश दिसतो. त्यामुळे कागद पायाशी ठेवला तर खोली कपाटाएवढी निघेल आणि समोरच्या भिंतीशी ठेवला तर ती सभागृह होईल. पिक्सेल भागून येणारे क्षेत्रफळ प्रत्यक्षात कागद कुठे ठेवला एवढेच सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समोरच्या भिंतीतले दार त्या भिंतीपुरतीच मोजपट्टी असते. त्या भिंतीच्या पातळीत असलेले सर्व काही तिने मोजता येते: भिंतीची रुंदी, छताची उंची, भिंतीच्या तळाशी टेकलेल्या फरशीची कड. भिंतीपासून एक फूट जरी आपल्याकडे आलो तरी ती मोजपट्टी खोटी पडते. म्हणून आपली ११ फुटांची भिंत ग्राह्य आहे, मात्र साडेपाच फुटांची लांबी ग्राह्य नाही. लांबीसाठी आणखी दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे क्षितिजरेषा, आणि दुसरी म्हणजे जमिनीवरचे असे एखादे माप जे आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेत आहे. फोटोत फरशीचे सांधे दिसतात का? दिसत असतील, तर कागदाची गरजच उरणार नाही.

नीलमोहोर

फरशी दिसते. पांढरट, चकचकीत, चौकोनी आहे आणि सांधेही स्पष्ट दिसतात. समोरच्या भिंतीच्या तळाशी एका फरशीची रुंदी ११९ ते १२० पिक्सेल भरली. भिंतीच्या संपूर्ण रुंदीत पाच पूर्ण फरश्या आणि उजव्या कडेला एक अर्धी बसली आहे.

काल रात्री कुतूहल म्हणून एक-अष्टमांशाचा प्रयोगही केला. फोन टेबलावर पुस्तकांना टेकवून अगदी सरळ उभा केला, एका कागदाची जवळची कड फोनखालच्या बिंदूपासून दोन मीटरवर आणि दुसऱ्याची चार मीटरवर ठेवली, आणि चित्रसंपादनाच्या प्रणालीत दोन्हींच्या कडा आखून आतले पिक्सेल मोजले. जवळच्या कागदाने दूरच्यापेक्षा सव्वासात पट जागा व्यापली होती. आठ पट का आली नाही?

दीपगृह

आपण कागदांच्या जवळच्या कडा दोन आणि चार मीटरवर ठेवल्या, त्यामुळे कागदांचे मध्य साधारण २.१५ आणि ४.१५ मीटरवर आले. दुसरे अंतर पहिल्याच्या दुपटीहून थोडे कमी भरले. मध्य नेमके दोन आणि चारवर ठेवले असते तर आठाच्या अगदी जवळचा आकडा मिळाला असता. सव्वासात हे उत्तर बरोबरच आहे.

फरशी १२० पिक्सेल आणि दार ४२० पिक्सेल, म्हणजे दाराच्या उंचीत साडेतीन फरश्या बसतात. फरशी दोन बाय दोन फुटांची, म्हणजे ६०० मिलिमीटरची असेल, तर दार २१०० मिलिमीटरचे होते. इमारतींमध्ये ही दोन्ही मापे नेहमीची आहेत आणि इथे ती एकमेकांशी जुळतात. केवळ दारावर विसंबण्यात जी जोखीम सुतारपक्ष्यांनी सांगितली, ती यामुळे बरीच कमी झाली. फरशी ८०० मिलिमीटरची असती तर दार नऊ फुटांच्याही वर गेले असते, म्हणून तो पर्याय सोडून देता येतो. भिंतीची रुंदी साडेपाच फरश्या, म्हणजे ३.३ मीटर. पिक्सेलवरूनही तेवढीच येते.

पुढचे काम कागद आणि पट्टी घेऊन करावे. फोटो छापून घ्या. डाव्या आणि उजव्या भिंतींच्या तळाशी स्कर्टिंगची जी रेषा जमिनीला भिडते, त्या दोन्ही रेषा पट्टीने पुढे वाढवा. त्या ज्या बिंदूत मिळतील त्या बिंदूतून एक आडवी रेषा काढा. ती क्षितिजरेषा, म्हणजे फोनच्या डोळ्याची उंची. ती दारावर जमिनीपासून किती वर पडते ते कळवा. त्यानंतर समोरच्या भिंतीला समांतर असलेले फरशीचे दोन सांधे निवडा, त्यांच्यात शक्य तितक्या जास्त पूर्ण फरश्या असाव्यात, आणि प्रत्येक सांधा क्षितिजरेषेच्या किती पिक्सेल खाली आहे ते मोजा.

नीलमोहोर

रेषा दाराच्या कडीच्या बऱ्याच वर मिळाल्या. जमिनीपासून क्षितिजरेषा २८० पिक्सेल वर आहे. समोरच्या भिंतीला लागून फरशीचा एक अरुंद, कापलेला तुकडा आहे आणि त्यानंतर पूर्ण फरश्या सुरू होतात. भिंतीकडचा पहिला पूर्ण सांधा क्षितिजाच्या २९० पिक्सेल खाली आहे. तिथून चार फरश्या अलीकडे आले की जो सांधा येतो तो ४९४ पिक्सेल खाली आहे. तो लक्षात ठेवायला सोपा आहे, कारण डाव्या भिंतीवरचा जमिनीलगतचा प्लगपॉइंट बरोबर त्याच रेषेवर येतो.

दीपगृह

फार नीटस मापे घेतलीत. आता त्यातून काय निघते ते पाहू.

भिंतीवर २८० पिक्सेल म्हणजे १.४ मीटर, तेव्हा फोटो काढणाऱ्याने फोन छातीच्या उंचीवर धरला होता. हे नैसर्गिक वाटते. ही उंची अडीच मीटर निघाली असती, तर क्षितिजरेषा चुकली असे मी समजलो असतो.

जमिनीवरचा बिंदू क्षितिजाच्या जितका खाली दिसतो तितका तो जवळ असतो, आणि हे प्रमाण सरळ व्यस्त असते. दूरचा सांधा २९० आणि जवळचा ४९४ खाली असेल, तर जवळच्याचे अंतर दूरच्याच्या ५९ टक्के इतके आहे. मधला ४१ टक्के भाग म्हणजे आपल्या चार फरश्या, म्हणजे २.४ मीटर. त्यावरून दूरचा सांधा फोनपासून सुमारे ५.८ मीटरवर येतो. कापलेला तुकडा त्याच रीतीने सुमारे २० सेंटिमीटरचा निघतो, म्हणून भिंत साधारण सहा मीटरवर आहे. या संपूर्ण हिशेबात फोनचे भिंग कोणते होते हे कुठेही विचारावे लागले नाही, हा फरशीचा मोठा फायदा आहे. फरशी नसती तर भिंगाची माहिती फोटोच्या फाइलमधून घ्यावी लागली असती, आणि व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या फाइलमधून ती गाळलेली असते. मूळ फाइल "डॉक्युमेंट" म्हणून मागवली तर ती टिकते.

सुतारपक्षी

सहा मीटर म्हणजे जवळपास वीस फूट. अकरा गुणिले वीस, म्हणजे २२० फूट! दलाल १८० सांगतोय. जास्त असलेली जागा कमी करून सांगणारा दलाल मी तरी अजून पाहिलेला नाही.

दीपगृह

सहा मीटर हे फोनपासून भिंतीपर्यंतचे अंतर आहे. खोली फोनपाशीच संपते असे कोणी म्हटले? फोटो काढणारा उंबऱ्याबाहेर किंवा बाल्कनीत उभा असू शकतो, आणि खोली मोठी दिसावी म्हणून बहुधा तो तसाच उभा राहतो. फोटोची खालची कड क्षितिजाच्या सुमारे ६०० पिक्सेल खाली असेल, तर फोटोत दिसणारी सर्वांत जवळची जमीन फोनपासून २.८ मीटरवर आहे. त्याअलीकडची जमीन खोलीची आहे, बाल्कनीची आहे की जिन्याची, याबद्दल हा फोटो काहीच सांगत नाही. त्यामुळे पहिल्या फोटोवरून खात्रीने इतकेच म्हणता येते की खोली किमान ३.३ बाय ३.२ मीटर, म्हणजे ११० चौरस फुटांच्या थोडी वर आहे. एका फोटोतून बहुतेक वेळा अशी खालची मर्यादाच हाती लागते आणि लोक तिलाच क्षेत्रफळ समजतात, किंवा सुतारपक्ष्यांसारखे फोनपर्यंतची सगळी जमीन खोलीत धरतात.

नीलमोहोर

दुसरा फोटो उलट दिशेने काढलेला आहे. त्यात समोर बाल्कनीचे सरकते काचेचे दार दिसते. म्हणजे पहिला फोटो काढताना तो माणूस बाल्कनीत उभा असावा. दुसऱ्या फोटोतही तो प्लगपॉइंट दिसतो, आता उजव्या भिंतीवर. प्लगपॉइंटच्या सांध्यापासून सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत तीन पूर्ण फरश्या आणि एक अर्धी मोजली.

दीपगृह

मग उत्तर आपण स्वतःच काढले आहे. भिंतीपासून प्लगपॉइंटपर्यंत २.४ अधिक ०.२, म्हणजे २.६ मीटर, आणि प्लगपॉइंटपासून बाल्कनीच्या पट्टीपर्यंत साडेतीन फरश्या, म्हणजे २.१ मीटर. एकूण ४.७ मीटर. खोली ३.३ बाय ४.७, म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर, सुमारे १६७ चौरस फूट. दोन फोटो एका सामाईक खुणेने जोडल्यावर पिक्सेलची गरज केवळ कापलेल्या तुकड्यापुरती उरली, बाकी सगळी साधी मोजणी आहे. तो तुकडा फोटोत जेमतेम दहा पिक्सेल जाड आहे, त्यामुळे दोन पिक्सेल चुकले तर चार सेंटिमीटर चुकतात. दुसऱ्या टोकाची "अर्धी" फरशी नजरेने ठरवलेली असल्याने तिच्यातही पाच-सात सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. मी याला १६३ ते १७१ फूट म्हणेन.

सुतारपक्ष्यांच्या पंख्याचाही पडताळा घेता येईल. छत ही वर नेलेली जमीनच असते. पंख्याचा हूक क्षितिजाच्या किती वर दिसतो आणि समोरच्या भिंतीची एकूण उंची किती, एवढे कळवा.

नीलमोहोर

हूक ४६४ पिक्सेल वर आहे. भिंतीची उंची ५७० पिक्सेल आहे.

दीपगृह

छत २.८५ मीटर उंचीवर, म्हणजे फोनच्या वर १.४५ मीटर. समोरच्या भिंतीपाशी तेवढी उंची २९० पिक्सेल दिसते आणि हूक ४६४ वर आहे, म्हणून हूक फोनपासून ३.७५ मीटरवर आणि समोरच्या भिंतीपासून २.२५ मीटरवर आला. दुप्पट केले की खोली साडेचार मीटरची येते. फरश्यांनी ४.७ दिले होते. माझा कौल फरश्यांना आहे, पण पंख्याने तो आकडा सावरला हे मान्य करतो.

सुतारपक्षी

पंख्याचा हूक स्लॅब टाकतानाच सोडलेला असतो. नंतर भिंत थोडी इकडेतिकडे सरकली किंवा बाल्कनीचा भाग आत घेतला तर मध्य ढळतो. एवढ्याशा फरकासाठी पंख्याला दोष देऊ नये.

गुणिले_दोन

माझी पद्धत चुकली हे मान्य. पण प्रत्येक खोलीत चौकोनी फरशी नसते. जुन्या घरात शहाबादी असते, तिचे तुकडे वेगवेगळ्या मापांचे असतात. कुठे सिमेंटचा कोबा असतो, कुठे गालिचा अंथरलेला असतो. तिथे कागदाशिवाय दुसरे काय करणार? चार कोपऱ्यांवरून जमीन सपाट करून देणाऱ्या प्रणाली आहेतच. त्यात कागदाचे चार कोपरे दिले की फोटो वरून पाहिल्यासारखा होतो, मग सरळ मोजावे.

दीपगृह

हे तत्त्वतः अगदी बरोबर आहे आणि आपली आधीची पद्धत व ही पद्धत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अडचण आहे ती कागदाच्या लहानपणाची. याच फोटोत तीन मीटरवर ए-फोर कागद आडवा न ठेवता दूर जाणाऱ्या दिशेत उभा ठेवला, तर त्याची जवळची कड ८८ पिक्सेल आणि दूरची कड ८० पिक्सेल दिसेल. जमीन किती झपाट्याने दूर जाते हे त्या प्रणालीला फक्त या आठ पिक्सेलांच्या फरकावरून ठरवायचे असते. कोपरा टिपताना एका पिक्सेलची चूक झाली तरी त्या फरकात दहा-बारा टक्क्यांची चूक शिरते, आणि भिंतीपर्यंत जाताना ती वाढत जाते. कागदाच्या आसपास माप अचूक येते आणि चार पावले पुढे गेले की खोली रबरासारखी ताणली जाते. हे ओळखायची खूणही आहे. सपाट केलेल्या चित्रात खोलीचे कोपरे काटकोन राहत नाहीत आणि समोरासमोरच्या भिंती फाकलेल्या दिसतात.

फरशी नसेल तर मी एक कागद समोरच्या भिंतीला टेकवून आणि दुसरा खोलीच्या अलीकडच्या टोकाशी ठेवायला सांगतो, दोन्हींची लांब बाजू समोरच्या भिंतीला समांतर. क्षितिज भिंतींच्या रेषांवरून काढायचे आणि दोन कागदांच्या रुंदीच्या गुणोत्तरावरून अंतरांचे गुणोत्तर. मात्र गुणोत्तराचे मीटर करण्यासाठी भिंग किंवा फोनपासून एका कागदापर्यंतचे प्रत्यक्ष अंतर माहीत असावे लागते, आणि ते फोटो काढणाऱ्याने सांगावे लागते.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत राहतो. हा धागा वाचून काल आमच्या शयनगृहावर प्रयोग केला, समोरच्या भिंतीतल्या दारावरून आणि तिथेच ठेवलेल्या कागदावरून. भिंतीची रुंदी दोन्ही प्रकारे वेगळी आली आणि टेपने मोजलेल्या रुंदीशी एकही जुळली नाही. दारावरून काढलेली जास्त आणि कागदावरून काढलेली किंचित कमी निघाली. दार सात फुटांचे आणि कागद ए-फोर धरला होता. चूक कुठे झाली असेल?

दीपगृह

तिकडे घरातले दार बहुधा ८० इंचांचे असते, सात फुटांचे नव्हे. आणि आपल्या छपाईयंत्रातला कागद ए-फोर नसून लेटर असणार, २१६ बाय २७९ मिलिमीटर. तो ए-फोरपेक्षा रुंदीला जरा जास्त आणि लांबीला बराच कमी असतो. कागदाची कोणती बाजू भिंतीला समांतर ठेवली होती?

सातासमुद्रापार

आखूड बाजू. कागदावर खरोखरच साडेआठ बाय अकरा इंच असे छापलेले आहे. आता दोन्ही फरकांची दिशा जुळते. पण दाराची दुरुस्ती करूनही माझे उत्तर टेपपेक्षा दोन टक्क्यांनी जास्तच येते. दार किंचित आत बसवलेले आहे, चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चारेक इंच मागे आहे. त्याचा परिणाम असेल का?

दीपगृह

दिशा तीच आहे. दार भिंतीमागे असल्याने लहान दिसते आणि त्या मानाने भिंत मोठी निघते. फोन पाच मीटरवर असेल तर चार इंचांनी दोन टक्के येतात. अंतर कळल्याशिवाय मी खात्रीने सांगणार नाही.

खिडकीपाशी

माझ्या फोटोत खोलीत वाळूची पोती आणि उलटे ठेवलेले दार आहे, फरशी अजून बसायची होती. त्यावर काही करता येईल का?

दीपगृह

दार भिंतीला टेकवलेले असेल तर ते तिरपे असते आणि त्याची उंची फोटोत कमी दिसते, म्हणून मोजपट्टी म्हणून ते चालणार नाही. भिंतीत रिकामी चौकट बसलेली असेल तर तिचा उपयोग होईल. तक्रारीसाठी मात्र मोजणीदाराकडून टेपने किंवा लेझरने माप घ्या. तिथे दोन टक्क्यांवरूनही वाद होतो आणि फोटोची पद्धत दोन टक्क्यांची हमी देत नाही.

नीलमोहोर

आज मामेभाऊ पुण्यातल्या त्या घरी टेप घेऊन जाऊन आला. रुंदी १० फूट ११ इंच, लांबी बाल्कनीच्या पट्टीपर्यंत १५ फूट ६ इंच. म्हणजे १६९ चौरस फूट. त्याने फरशीही मोजली, ६०० मिलिमीटरचीच आहे आणि सांधे दोन मिलिमीटरचे आहेत.

फोटोत न दिसलेली एक गोष्ट मात्र त्याने सांगितली. डाव्या भिंतीतून साधारण एक फूट पुढे आलेला खांब आहे. पहिल्या फोटोत तो सोफ्याच्या पाठीमागे आणि दुसऱ्यात पडद्याआड गेला होता. क्षेत्रफळात त्याने दीड-दोन फुटांचाच फरक पडतो, पण पलंग मी त्याच भिंतीला लावायचे ठरवले होते. आता तो उजव्या भिंतीला लावावा लागेल, आणि तिथे आतल्या खोलीच्या दाराचा पल्ला उघडतो की नाही, हे भावाला पुन्हा विचारायचे आहे.

दलालाचे १८० कुठून आले, याचा उलगडा अजून झालेला नाही. रुंदी तीच धरली तर लांबी साडेसोळा फूट होते, बरोबर एक फूट जास्त.

सुतारपक्षी

बाल्कनीच्या दाराखालची भिंतीची जाडी आणि बाहेरचा कडाप्पा धरला असेल. एक फूट सहज होतो.

नीलमोहोर

भावाने कडाप्पाही मोजला. तो भिंतीसकट नऊ इंचच भरला.

सुतारपक्षी

मग राहिलेले तीन इंच दलालालाच विचारा. आणि पलंगासाठी दाराचा पल्ला कोणत्या बाजूला बिजागरीवर आहे ते आधी पाहा. बिजागरी उजव्या कोपऱ्याकडे असेल तर पल्ला उजव्या भिंतीकडेच उघडेल आणि त्या कोपऱ्यात पलंगाला जागा उरणार नाही.

नीलमोहोर

पहिल्या फोटोत कडी डावीकडे दिसते.

सुतारपक्षी

म्हणजे बिजागरी उजवीकडे. पण पल्ला दिवाणखान्यात उघडतो की आतल्या खोलीत, ते विचारा. आत उघडत असेल तर काहीच अडचण नाही.